कर्वेनगर, पुणे: मुलींसाठी पेइंग गेस्ट, महिना ७,५०० रुपये

दोघींच्या खोलीत एक कॉट १ जूनपासून रिकामी. भाड्यात वीज, पाणी, वायफाय आलं. गीझर सकाळी ६ ते ९. डबा हवा असल्यास २,८०० वेगळे, घरचंच शाकाहारी जेवण.

डिपॉझिट १५,०००. महिनाभर आधी सांगून सोडलंत तर पूर्ण परत, रंगकामाच्या नावाखाली काही कापत नाही. भाडेकरार आणि पोलिस पडताळणी होईलच, आधारची प्रत आणा.

रात्री १० पर्यंत घरी यावं. उशीर होणार असेल तर फोन करा, आम्ही दार उघडतो. मित्रांना खोलीत परवानगी नाही. आई किंवा बहीण दोन रात्री राहू शकते.

कमिन्स कॉलेज चालत दहा मिनिटं. बसथांबा, मेडिकल, भाजीवाले कोपऱ्यावरच. खोली तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. रविवारी ११ ते १ मध्ये येऊन बघा.