मागणी की पुरवठा? बेरोजगारीची दोन स्पष्टीकरणे, मुंबईच्या संदर्भात

काम करायची तयारी असूनही माणूस रिकामा का राहतो, याचे पुरवठ्याच्या बाजूचे उत्तर श्रमबाजारातच कारण शोधते. मजुरी जास्त आहे, कौशल्य जुळत नाही, कामावरून काढणे अवघड म्हणून मालक भरतीच करत नाही. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी १९६८ मध्ये यातूनच बेरोजगारीच्या ‘नैसर्गिक दरा’ची कल्पना मांडली. सरकारने मागणी वाढवली, तरी हा दर कायमचा उतरत नाही, महागाई मात्र चढत जाते.

ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ जॉन मेनार्ड केन्स यांनी १९३६ मध्येच नेमकी उलट, म्हणजे मागणीची बाजू धरली होती. एका मालकाने मजुरी कापली तर त्याचा खर्च वाचतो. सगळ्यांनी कापली तर बाजारातले गिऱ्हाईकच आटते. मजुरी हा खर्च आहे तशी ती मागणीही आहे, आणि पुरवठावादी मांडणीत हा दुसरा भाग निसटतो, असे मला वाटते.

गिरणगावाचे उदाहरण मात्र केन्सवाद्यांनाही सोपे नाही. जानेवारी १९८२ मध्ये दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले आणि त्यांतल्या बहुतेकांची नोकरी पुन्हा उभी राहिली नाही. कापडाची मागणी तेव्हा संपली नव्हती. भिवंडीसारख्या ठिकाणच्या यंत्रमागांवर, कमी मजुरीत, कापड निघतच होते. इथे उत्पादन खर्चाचा मुद्दा नाकारता येत नाही.

पण मजुरी लवचिक झाली की काम मिळते, हा पुढचा दावा मुंबईतल्या कोणत्याही मजूर नाक्यावर तपासून पाहावा. सकाळी गवंडी, रंगारी, बिगारी उभे असतात. युनियन नाही, किमान वेतन कागदावरच, भाव रोजच्या रोज ठरतो. पावसाळ्यात बांधकामे मंदावली की भाव पाडूनही अनेकजण कामाविना घरी परततात. हातात कसब असलेला गवंडीही त्यांत असतो. कामे मुळात किती निघतात हे मागणी ठरवते; त्यांतले कोणाच्या वाट्याला येणार, एवढेच पुरवठ्याचे स्पष्टीकरण सांगू शकते. म्हणून मी मागणीचे स्पष्टीकरण अधिक मूलभूत मानतो.

मग सरकारे मागणी का वाढवत नाहीत? पोलिश अर्थशास्त्रज्ञ मिखाल कलेकी यांनी १९४३ मध्ये याचे राजकीय उत्तर दिले: पूर्ण रोजगारात नफा वाढला, तरी कामावरून काढण्याची धमकी बोथट होते आणि उद्योगपतींना ते नको असते. महाराष्ट्राची रोजगार हमी योजना या कसोटीवर पाहण्यासारखी आहे. १९७२ च्या दुष्काळातून ती आकाराला आली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि तिच्यासाठी शहरी नोकरदारांकडून व्यवसाय कर घेतला गेला. मुंबईच्या पगारातून ग्रामीण मजुराला कामाचा हक्क मिळाला. नाक्यावरच्या मजुराला तो हक्क त्या कायद्याने दिला नाही.