पाणी आलं

ललिता,

मोठा मेसेज आहे, दुकानात गिऱ्हाईक असेल तर आत्ता उघडू नको. रात्री वाच. व्हॉइस नोट करणार होतो, पण शेजारच्या मागांच्या खडखडाटात माझा आवाज मलाच ऐकू येईना.

तीन दिवस लिहितोय आणि खोडतोय. पहिल्यात चंद्र आला होता, तो काढला. दुसऱ्यात गड्ड्याची आठवण लिहिली, अक्षता माझ्या कॉलरमधून पाठीत गेल्या आणि तू हसत सुटलीस ती. पण संमती कट्ट्याची आठवण अख्ख्या सोलापूरची, तिथं कुणाच्या कॉलरमध्ये अक्षता जात नाहीत? मग मे महिन्यातली ती रात्र आठवली. ती आपल्या दोघांची. तिघांची म्हण, तुझा भाऊ होता.

अप्पांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं होतं, आई त्यांच्याजवळ दवाखान्यात. घरी मी एकटा. चार दिवसांआड पाणी, तेही रात्री अडीच-तीनला. तुमच्या गल्लीत आमच्याआधी वीस मिनिटं येतं, म्हणून तुझा मिसकॉल हाच माझा गजर. एक रिंग आणि कट. त्या रात्री तू अकरा दिलेस. मी दवाखान्यातून दमून आलेलो, फोन उशीखाली, आणि मी मेल्यासारखा झोपलेलो.

जाग आली ती दाराच्या कडीनं. बाहेर तू, डोळे चोळत उभा राहिलेला प्रसाद, आणि तुझ्या खांद्यावर हिरव्या पाइपाचं वेटोळं. "किती झोपतोस बे! पाणी जाईल की!" एवढंच बोललीस आणि मला बाजूला सारून सरळ मोटारीकडे गेलीस.

मोटार नुसती घुंघुं करत होती, पाणी ओढत नव्हती. मी बटण बंद-चालू करत बसलो. तू पाना मागितलास, वरचं बूच सैल केलंस आणि तांब्यानं पाणी ओतलंस. हवा निघाली, बुडबुडे थांबले, बूच आवळलंस आणि म्हणालीस, "आता लाव." मी लावलं. टाकीत धार पडल्याचा आवाज आला. मी जॅकार्डच्या युनिटचा हिशेब बघतो, ताळेबंद जुळवतो, पण मोटारीला आधी पाणी पाजावं लागतं हे मला तेव्हा कळलं.

बाहेर गल्ली जागी झालेली. एका दारातून "पाणी आलं", दुसऱ्यातून "नीरु बंतु", तुमच्या बाजूनं "नीळ्ळु वच्चिनय". उजनीहून शंभरावर किलोमीटर पाइपातून आलेलं पाणी, त्याला आमच्या गल्लीत तीन भाषांत हाका. माझ्या आज्जीची कानडी आणि तुझ्या आज्जीचं तेलुगू, या दोघी एका घरात कशा बोलतील याचा मी नंतर बऱ्याचदा विचार केलाय. बहुतेक पाण्यावरून भांडतील, मराठीत.

पाच वाजता हौद भरला. चहात कडक भाकरी चुरून खाल्ली आपण तिघांनी, वाटीत नुसती शेंगाचटणी. जाताना तू खिळा घेऊन हौदाच्या आतल्या भिंतीवर रेघ मारलीस. "पाणी ह्याच्या खाली गेलं की अंघोळ अर्ध्या बादलीत." दिवाळीत आईनं हौद घासून सिमेंटचा हात द्यायला काढला, तेव्हा तेवढी एक रेघ मी बुजवू दिली नाही. का, ते तिला सांगितलेलं नाही. आज सांगतो ते तुला.

ललिता, माझ्याशी लग्न करशील?

मोठमोठं काही कबूल करत नाही. पगार तुला माहीत आहे, घर तू पाहिलंयस, मोटार तर तूच दुरुस्त केलीस. तुझी दुकानातली नोकरी, तुझं डी.फार्म. पुढं नेणं, त्यात माझ्याकडून खोडा नाही. रात्री पाण्याला मी उठेन हेही छातीठोक सांगवत नाही, पण तू हलवलंस तर उठेन, आणि घागरी मी उचलेन. तुझ्या बाबांशी बोलायला येईन तेव्हा आईअप्पांना घेऊन येईन. आज त्यांना यातलं काही माहीत नाही, आधी तुझं मन कळू दे.

घाई नाही. नकार असला तरी मिसकॉल बंद करू नको, तेवढा शेजारधर्म ठेव. त्यावरून मी पुन्हा विषय काढणार नाही.

गुरुवारी पाणी आहे. नाही म्हणायचं असेल तर नेहमीसारखी एक रिंग दे आणि कट कर. हो असेल तर कट करू नको, मी उचलेपर्यंत वाजू दे. फोन उशीखाली नसेल.

शिवानंद