मतं सारखी, जागा चार आणि एक

काल अभ्यासिकेत तू विचारलंस, 'फर्स्ट पास्ट द पोस्ट आणि प्रमाणशीर प्रतिनिधित्व यांत नेमका फरक काय?' लाइट गेली आणि बोलणं अर्धवट राहिलं. व्याख्या पुस्तकात आहेत. मी गणित मांडून दाखवतो.

समज, आपल्या तालुक्यात पाच गट, प्रत्येकात हजार मतं. पक्ष तीन: नांगर, विहीर, टोपली. पहिल्या गटात नांगर ४००, विहीर ३५०, टोपली २५०. दुसऱ्यात ४१०, ३४०, २५०. तिसऱ्यात ३९०, ३६०, २५०. चौथ्यात पुन्हा ४००, ३५०, २५०. पाचव्यात मात्र विहीर ५००, नांगर ३००, टोपली २००.

आपल्या लोकसभा-विधानसभेच्या, म्हणजे फर्स्ट पास्ट द पोस्ट पद्धतीनं ज्याला सगळ्यात जास्त मतं, तो निवडून आला. निम्म्याहून जास्त मतं हवीत अशी अट नाही. म्हणजे नांगर ४, विहीर १, टोपली ०.

आता बेरीज कर. नांगर १९००, विहीरही १९००, टोपली १२००. दोघांची मतं तंतोतंत सारखी, तरी एकाला चौपट जागा! विहिरीची मतं पाचव्या गटात ढीगभर साचली आणि बाकीच्या चार गटांत थोडक्यात हुकली, एवढंच झालं.

प्रमाणशीर पद्धतीत पूर्ण तालुका एकच मतदारसंघ आणि मत पक्षाच्या यादीला. ५००० मतं भागिले ५ जागा, म्हणजे एका जागेचा भाव १००० मतं. तिघांनाही एकेक जागा मिळाली. शिल्लक राहिली नांगर ९००, विहीर ९००, टोपली २००. उरलेल्या दोन जागा मोठ्या शिलकीला. निकाल २, २, १. शिल्लक वाटायच्या दुसऱ्याही रीती आहेत, पण परीक्षेत ही समजावायला सोपी.

हा नुसता कागदावरचा खेळ नाही. २०१४ च्या लोकसभेत बसपला देशभरात चार टक्क्यांहून थोडी जास्त मतं पडली आणि जागा शून्य. भाजपला सुमारे ३१ टक्के मतं आणि जागा २८२.

मग यादी पद्धत का नको? आपल्याकडं पांदण रस्ता चिखलात गेला की माणूस थेट आपल्या आमदाराच्या घरी जातो. यादीतून आलेल्याला 'आमचा' म्हणायचं कोणी? शिवाय लहान पक्ष वाढले की आघाडीशिवाय सरकार बनणं कठीण. म्हणून जर्मनीत साधारण पाच टक्के मतांचा उंबरठा ठेवलाय, आणि तिथं मतदार दोन मतं देतो, एक आपल्या भागातल्या उमेदवाराला आणि एक पक्षाला. मला हा मधला मार्ग जास्त पटतो, पण उत्तरात माझं मत लिहू नकोस बापा.

आणि एक ठिकाण जिथं पोरं हमखास चुकतात: राज्यसभेची निवडणूकही प्रमाणशीरच, पण यादीनं नाही. तिथं आमदार उमेदवारांना पसंतीक्रम देतात. त्याला एकल संक्रमणीय मत म्हणतात.