दहावीच्या उजळणीचे वेळापत्रक : ५ जानेवारी ते १५ फेब्रुवारी

विषय : मराठी, हिंदी, इंग्रजी, बीजगणित, भूमिती, विज्ञान (भाग १ व २), इतिहास-राज्यशास्त्र, भूगोल.

रोजच्या बैठका : पहाटे ५.३० ते ७ गणित, सायंकाळी ६ ते ७.३० विज्ञान किंवा समाजशास्त्रे, रात्री ८.३० ते ९.३० भाषा. सराव परीक्षेत भूमिती सर्वांत कच्ची राहिल्यामुळे पहाटेच्या सहापैकी चार बैठका तिलाच दिल्या आहेत.

आठवडा १ व २ : समरूपता आणि वर्तुळ यांची प्रमेये पुस्तक मिटून, आकृतीसह लिहून काढावीत, नुसती वाचलेली सिद्धता परीक्षेत हाताशी येत नाही. बीजगणितात वर्गसमीकरणे आणि अंकगणिती श्रेढी, विज्ञानात गुरुत्वाकर्षण, भिंगे व आनुवंशिकता घ्यावी.

आठवडा ३ : भूगोलात भारत व ब्राझील यांची तुलना दोन रकान्यांत मांडून नकाशे रोज एक याप्रमाणे भरावेत. इतिहास-राज्यशास्त्र सायंकाळी.

आठवडा ४ : त्रिकोणमिती, संभाव्यता, विज्ञानाची उरलेली प्रकरणे. भाषांत व्याकरण आणि पत्रलेखन. हिंदीला दोन बैठका पुरेत.

आठवडा ५ : दिवसाआड एक जुनी प्रश्नपत्रिका, घड्याळ लावून. भाषेच्या ८० गुणांच्या पेपरला तीन तास, बीजगणित-भूमितीच्या प्रत्येकी ४० गुणांना दोन तास. मधल्या दिवशी तपासणी व चुकांची वही.

आठवडा ६ : नवीन काहीही हाती घेऊ नये. केवळ चुकांची वही, सूत्रे व आकृत्या पाहाव्यात आणि रात्री दहाला झोपावे.

रविवारी सकाळी आठवड्यातील राहिलेले पूर्ण करावे. दुपारनंतर सुट्टी, क्रिकेटसह.