प्रकाश आणि हरितद्रव्य नसेल तर पानात स्टार्च तयार होतो का?

इयत्ता अकरावी (विज्ञान), जीवशास्त्र प्रात्यक्षिक वही
प्रयोग क्रमांक 9
दिनांक: शनिवार, 22 नोव्हेंबर 2025
स्थळ: जीवशास्त्र प्रयोगशाळा, ठाणे

उद्देश

प्रकाश-संश्लेषणासाठी प्रकाश आणि हरितद्रव्य या दोन्ही गोष्टी लागतात, हे पानातील स्टार्चच्या परीक्षणाने पडताळून पाहणे.

तत्त्व

हिरवी वनस्पती प्रकाशात कार्बन डायऑक्साइड आणि पाण्यापासून शर्करा तयार करते.

6CO₂ + 6H₂O → C₆H₁₂O₆ + 6O₂

दिवसा लगेच न वापरलेली शर्करा हरितलवकातच स्टार्चच्या रूपात साठते. रात्री हा साठा पुन्हा शर्करेत बदलतो. त्यातील काही झाडाच्या इतर भागांकडे जाते, काही श्वसनात खर्च होते. म्हणून झाड पुरेसा वेळ अंधारात ठेवले की पाने स्टार्चपासून रिकामी होतात, आणि त्यानंतर सापडणारा स्टार्च उन्हात ठेवल्यावरच तयार झाला, असे म्हणता येते. आयोडीनचे रेणू स्टार्चच्या मळसूत्रासारख्या साखळीत शिरतात आणि निळसर काळा रंग येतो. स्टार्च नसेल तर आयोडीनचा स्वतःचा पिवळसर तपकिरी रंग राहतो.

वनस्पतीच्या हिरव्या भागांना हवा शुद्ध करण्यासाठी सूर्यप्रकाश लागतो, हे यान इंगेनहाउझ यांनी 1779 मध्ये दाखवून दिले होते. पानातल्या स्टार्चचा प्रकाशाशी असलेला संबंध 1860 च्या दशकात युलियस झाक्स यांनी सिद्ध केला. आपण करतो तो प्रयोग मुळात त्यांचाच आहे.

जुलैमधला प्रयत्न

हा प्रयोग आम्ही जुलैत एकदा केला होता आणि तो फसला. तो वहीतून गाळावा असे मला वाटत नाही, कारण कृतीतला सर्वांत महत्त्वाचा टप्पा त्यामुळेच कळला. तेव्हा कुंडी काचेच्या दारांच्या कपाटात ठेवून काचेवर वर्तमानपत्र लावले होते आणि एकच रात्र गेली होती. दुसऱ्या दिवशी दिवसभर ढग. परीक्षणात काळ्या कागदाखालचा भागही काळपट निघाला. प्रकाशाशिवाय स्टार्च झाला असा त्याचा अर्थ नव्हता. पान मुळात रिकामेच झाले नव्हते आणि आदल्या दिवशीचा साठा तसाच होता. उन्हात नेण्याआधी एक पान तपासले असते तर हे तेव्हाच समजले असते.

साहित्य

प्रकाशासाठी हिरव्या पानांची जास्वंदाची कुंडी आणि हरितद्रव्यासाठी पांढरे पट्टे असलेला मनी प्लांट. जास्वंद आमच्या कळव्याच्या घरची. आजी रोज देवाला त्याचेच फूल वाहते. कुंडी रिक्षात ठेवताना तिने विचारले, “अगं, अंधारात कोंडलंस तर कळ्या गळतील ना?” तीनच रात्रींचा प्रश्न आहे, असे सांगून कुंडी आणली. मनी प्लांट निवडताना पिवळट पट्ट्यांची वेल टाळली, कारण तशा भागात थोडे हरितद्रव्य असू शकते. पूर्ण पांढरे डाग असलेली वेल घेतली.

याशिवाय काळा कागद, तेवढ्याच मापाची पारदर्शक प्लॅस्टिकची पट्टी, कागदाच्या क्लिपा, ट्रेसिंग पेपर, चंचुपात्रे, मोठ्या परीक्षानळ्या, इथाइल अल्कोहोल, विजेची किटली, चिमटा, पांढरी टाइल आणि आयोडीनचे द्रावण.

कृती

बुधवारी संध्याकाळी 6 वाजता दोन्ही झाडांना पाणी घालून लोखंडी कपाटात ठेवले आणि कपाट बंद केले. शनिवारी सकाळी 7 वाजता, म्हणजे 61 तासांनी, ते उघडले. दोन्ही झाडांचे एकेक पान लगेच तोडून तपासले. दोन्ही पिवळसर तपकिरी राहिली. त्यानंतरच पुढे गेलो.

जास्वंदाच्या एका पानावर काळ्या कागदाची 2 सेंमी रुंद पट्टी दोन्ही बाजूंनी क्लिपने लावली. दुसऱ्या पानावर तशीच पारदर्शक पट्टी लावली. ही दुसरी पट्टी अनेकजण लावत नाहीत, पण माझ्या मते तिच्याशिवाय प्रयोग अर्धवट आहे. कागद पानाला चिकटून बसला की प्रकाशाबरोबर हवाही अडते. पर्णरंध्रे झाकली गेल्यामुळे कार्बन डायऑक्साइड पोचला नाही, म्हणून स्टार्च झाला नाही, अशी शंका कोणी घेतली तर कागद एकटा उत्तर देऊ शकत नाही. पारदर्शक पट्टी हवा तशीच अडवते, प्रकाश मात्र आत जाऊ देते.

मनी प्लांटच्या निवडलेल्या पानावर ट्रेसिंग पेपर ठेवून हिरव्या आणि पांढऱ्या भागांच्या सीमा पेन्सिलने उतरवून घेतल्या. साडेसात ते दीड, असे सहा तास दोन्ही कुंड्या गच्चीवर उन्हात होत्या.

पाने तोडून उकळत्या पाण्यात पाच मिनिटे ठेवली. त्याने पेशी मरतात, स्टार्चचे विघटन थांबते आणि पुढे अल्कोहोल व आयोडीन आत सहज शिरतात. जास्वंदाचे पाणी बुळबुळीत झाले, पण त्याने अडचण आली नाही. मग पाने परीक्षानळीत अल्कोहोलमध्ये बुडवून नळी गरम पाण्याच्या चंचुपात्रात उभी केली. अल्कोहोल 78° सेल्सिअसला उकळते आणि त्याची वाफ पेट घेते, म्हणून बर्नर बंद होता आणि पाणी किटलीतून घेतले. पाणी निवाले की नळीतले बुडबुडे थांबत, त्यामुळे ते दोनदा बदलावे लागले. जास्वंदाचा रंग दहा मिनिटांत उतरला, मनी प्लांटच्या जाड पानाला वीस लागली. अल्कोहोल गर्द हिरवे झाले आणि पाने मलईच्या रंगाची.

अल्कोहोलमधून काढलेले पान कडक होते आणि सहज मोडते. कोमट पाण्यात अर्धा मिनिट बुडवल्यावर ते मऊ झाले. मग टाइलवर पसरून आयोडीन टाकले, तीन मिनिटे थांबलो आणि जादा द्रावण पाण्याने धुतले.

निरीक्षण

काळ्या कागदाचे पान: उघडा भाग निळसर काळा, मध्ये पिवळसर तपकिरी पट्टा. पट्ट्याच्या कडा रेघेसारख्या स्पष्ट नव्हत्या. सुमारे 2 मिमीपर्यंत रंग हळूहळू गडद होत गेला, कारण कागदाच्या कडेखालून थोडा प्रकाश शिरत असणार.

पारदर्शक पट्टीचे पान: सर्वत्र निळसर काळे. पट्टीखालचा भाग किंचित फिका, पण निःसंशय काळपट.

मनी प्लांटचे पान: ट्रेसिंग पेपर त्यावर धरला तेव्हा काळपट भागाची सीमा पेन्सिलच्या रेघेशी जुळली. हिरवे होते तिथेच काळे, पांढरे होते तिथे पिवळसर तपकिरी. देठाजवळ एक करडट हिरवा ठिपका होता, तिथे फक्त पुसट निळसर छटा आली. मला हा ठिपका सर्वांत बोलका वाटला. हरितद्रव्य कमी तिथे स्टार्चही कमी, असे तो सुचवतो, पण एका ठिपक्यावरून नियम मांडता येणार नाही.

निष्कर्ष

कागदाखालच्या पेशींत हरितद्रव्य होते पण प्रकाश नव्हता. पांढऱ्या डागांवर प्रकाश होता पण हरितद्रव्य नव्हते. दोन्ही ठिकाणी स्टार्च झाला नाही. म्हणून या पानांत स्टार्च तयार होण्यासाठी दोन्हींची गरज आहे. हे परीक्षण स्टार्च दाखवते, बाहेर पडणारा ऑक्सिजन किंवा शर्करा दाखवत नाही, त्यामुळे निष्कर्ष तेवढ्यापुरताच लिहिला आहे.

काळ्या कागदाखालचे तापमान मोजले नाही. काळा रंग ऊन शोषतो, त्यामुळे तो भाग जास्त तापला असण्याची शक्यता उरते. पुढच्या वेळी कागदावर बाहेरून ॲल्युमिनियम फॉइल लावून दुसरे पान तपासायचे आहे.