लकडी पुलावर, १२ जुलै : निवेदनाची संहिता, ध्वनी-खुणांसह (खर्डा तिसरा)

प्रकार : कानात हेडफोन लावून पुलावर उभं राहून ऐकायचं निवेदन. लांबी साधारण सहा मिनिटं. आवाज एकच, निवेदिकेचा.

रेकॉर्डिंगला बसण्याआधी एक गोष्ट. आपला श्रोता घरात नसेल, डेक्कनच्या बाजूने पुलावर चढून कठड्याला टेकून उभा असेल. म्हणजे आपण गप्प बसलो की त्याला पीएमपीचे हॉर्न, रिक्षा, वारा, खाली वाहत असेल तर नदीही ऐकू येईल. त्यामुळे या संहितेत ‘शांतता’ लिहिलंय तिथे ट्रॅक खरोखर रिकामा ठेवायचा. स्टुडिओची रूम टोनही नको. आपण थांबलो की पूल बोलेल. फक्त एके ठिकाणी रूम टोन लागेल, ते पुढे लिहिलंय.

संगीत : पेटी. बाकी काही नाही. आधीच्या खर्ड्यात सारंगी होती, ती काढली. सारंगी लागली की श्रोत्याला कळतं, आता रडायचंय. पेटी मात्र पेठेतल्या घराघरात होती. भात्याचा श्वास ऐकू येईल इतका माइक जवळ घ्या. सूर काळी एक, धरून ठेवलेला. चाल वाजवायची नाही.

०:००
ध्वनी : सायकलच्या घंटा, तीन-चार, वेगवेगळ्या अंतरांवरून. एकही मोटर नको. दहा सेकंदांनी हळूहळू मागे.

निवेदन : थांबा इथेच. कठड्याशी या. याचं कागदावरचं नाव संभाजी पूल, पण पुण्यात कोणी तसं म्हणत नाही. पेशवाईत इथे लाकडाचा पूल होता, तेव्हापासून हा लकडी पूल. एका टोकाला डेक्कन, दुसऱ्या टोकाला अलका टॉकीजचा चौक आणि पेठा. मधून मुठा.

ध्वनी : घंटा बंद. एकदम नको, शेवटची लांब जाऊन विरू दे.

निवेदन : वर्ष १९६१. बारा जुलै, बुधवार. पाऊस सुरू आहे, पण जुलैत पुण्याला पावसाचं काय कौतुक?

(‘कौतुक’नंतर पावसाचा आवाज टाकायचा मोह होईल. टाकू नका. नुकतंच म्हटलं की कौतुक नाही, मग ऐकवायचं कशाला?)

०:५५
संगीत : पेटीचा सूर, अगदी खालून. निवेदनाच्या १८ डेसिबल खाली.

निवेदन : वर, आंबी नदीवर, पानशेतला मातीचं धरण बांधून होत होतं. काम अजून पुरं व्हायचं होतं आणि पाणी भरत चाललं होतं. अकरा तारखेच्या रात्री लष्कराचे जवान भिंतीवर होते. वाळूची पोती भरत होते, टाकत होते.

ध्वनी : पोतं पडल्याचा आवाज. धप्प. ओली माती हवी, सिमेंटच्या जमिनीवर घेतलेला चालणार नाही. तीन वेळा, मधल्या जागा कमी-जास्त. कोणाचा ओरडा, हुकूम, शिट्टी, काही नको. तिसऱ्या पोत्यानंतर पेटी बंद, भात्यातली हवा सुटताना ऐकू आली तरी राहू दे.

निवेदन : सकाळी धरण फुटलं.

शांतता : २ सेकंद, जास्त नाही.

(दुसऱ्या खर्ड्यात इथे आठ सेकंद होते. ऐकून पाहिलं, नाटकी वाटलं. श्रोत्याला कळतं की आपण त्याच्याकडून हळहळ मागतोय. शिवाय त्या क्षणी पुण्यात काहीच घडलेलं नव्हतं. पाणी अजून डोंगरात होतं. मोठी शांतता पुढे लागणार आहे, इथे खर्च करू नका.)

१:५०
निवेदन : पानशेतचं पाणी खाली खडकवासल्यात आलं. ते एकोणिसाव्या शतकातलं दगडी धरण, पुण्याला पाणी पाजणारं. त्यालाही ते पेलवलं नाही. दुपारच्या सुमाराला तेही गेलं. आता खडकवासला आणि हा पूल यांच्यामध्ये पाणी अडवणारं काही उरलं नव्हतं.

ध्वनी : जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओची घरघर, हलकी. गाणं नाही, बातम्या नाहीत. बातम्यांचा नकली आवाज काढायचा प्रयत्न कोणी सुचवलाच, तर तो तिथेच संपवा.

निवेदन : घरात कोणी जेवायला बसलं होतं. कोणी ऐकलं, कोणी म्हणालं अफवा. काहीजण पूर पाहायला म्हणून नदीकडे निघाले. पूर पाहायला जाणं ही पुण्यातली जुनी हौस. तुम्ही आता उभे आहात तिथेच लोक उभे राहत.

ध्वनी : रेडिओची घरघर मध्येच तुटते. फेड नाही, कट. वीज गेल्यावर जशी बंद पडते तशी.

रूम टोन : इथे मात्र ठेवा, ४ सेकंद, एखाद्या जुन्या वाड्याच्या खोलीतली. रिकामा ट्रॅक ठेवला तर श्रोत्याला वाटेल फोन बंद पडला. वीज गेलेली खोली ऐकू आली पाहिजे, म्हणजे पंख्याची आणि दिव्याची गुणगुण नसलेली खोली.

३:००
निवेदन : खाली बघा. नदी केवढी आहे ते बघा. आता नजर वर घ्या, कठड्याच्याही वर, तुमच्या डोक्याच्या वर. हा पूल पाण्याखाली होता.

शांतता : १५ सेकंद. ट्रॅक पूर्ण रिकामा.

(हीच ती जागा. पाण्याचा लोंढा इथे नको. माझ्याकडे उत्तम रेकॉर्डिंग आहे, मागच्या पावसाळ्यात धरणाच्या सांडव्याशी घेतलेलं. तुम्हीही म्हणालात की हेडफोनवर अंगावर येतं. म्हणूनच नको. लोंढा ऐकला की श्रोता डोळे मिटतो आणि सिनेमा बघतो. आपल्याला त्याचे डोळे उघडे हवेत. पंधरा सेकंद तो खालची बारकी मुठा बघेल, वरून बस जाईल, पूल थरथरेल. हा पूल रिकामा नसतो. निवेदिकेने आधीच्या वाक्यावर आवाज उतरवायचा नाही, ‘होता’ सपाट. उसासा तर अजिबात नाही.)

३:२५
निवेदन : नदीकाठच्या पेठांत पाणी शिरलं. नारायण, शनिवार, कसबा. मातीच्या भिंतींचे वाडे होते, भिंत आतून भिजली की ती खालून बसते. लोक माडीवर गेले, माडीवरून छपरावर.

ध्वनी : काही नाही. भिंत कोसळल्याचा आवाज लायब्ररीत बारा प्रकारचा मिळतो, त्यातला एकही मातीच्या भिंतीचा नाही.

निवेदन : पाणी उतरलं तेव्हा घराघरात गाळ होता. धान्यात, पुस्तकांत, देवघरात. आणि ज्या शहरात पाण्याने एवढा कहर केला, त्या शहराला प्यायला पाणी नव्हतं. पाणी देणारं धरणच वाहून गेलं होतं. लोक जुन्या विहिरींकडे वळले.

ध्वनी : रहाट. कुरकुर, मग बादली पाण्याला टेकल्याचा आवाज, एकदाच. संपूर्ण सहा मिनिटांत पाणी फक्त इथे ऐकू येईल. लेव्हल निवेदनाएवढीच ठेवा, मागे ढकलू नका.

शांतता : ३ सेकंद.

४:४०
संगीत : पेटी परत, तोच सूर. या वेळी निवेदन सुरू झाल्यावर, पहिल्या वाक्याच्या मध्यावर.

निवेदन : त्यानंतर पुणे नदीपासून लांब सरकलं. पूरग्रस्तांसाठी वसाहती उभ्या राहिल्या, गोखलेनगर, सहकारनगर. शहराचा नकाशा त्या एका दुपारने बदलला. पानशेत पुन्हा बांधलं, खडकवासलाही. आज सकाळी तुम्ही अंघोळ केलीत ती बहुधा त्याच पाण्याने.

ध्वनी : सायकलची घंटा, एकच, जवळून. पेटी त्याखालीच सुटते.

निवेदन : पेठांच्या बाजूला उतरायचं असेल तर सावकाश जा, चौकात सिग्नल लांबचा आहे.

(शेवटी संगीत वर काढून संपवू नका. नावं, आभार, काहीही जोडू नका, ती पुढच्या फाइलमध्ये. ‘लांबचा आहे’नंतर ट्रॅक २० सेकंद रिकामा चालू ठेवा आणि मग फाइल संपवा.)