दोन बोटांचा जोर

सुमनताईंच्या स्वयंपाकघरातील नळ गेले तीन महिने गळत होता आणि त्यावर त्यांनी शोधलेला एकमेव उपाय म्हणजे रोज तो कालच्यापेक्षा थोडा अधिक जोराने आवळणे. अखेर एके रात्री थेंबांचा आवाज ऐकू येऊ नये म्हणून त्यांनी नळाखाली पातेले ठेवून त्यात फडके अंथरले. सकाळी पातेले काठोकाठ भरलेले पाहून त्या शेजारी आजोबांच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

आजोबांना नळदुरुस्तीची हौस होती, परंतु गेल्या वर्षापासून त्यांचा उजवा हात थरथरत असे. त्यांनी हत्यारांची पिशवी खुंटीवरून काढली आणि ती स्वतः न घेता पंधरा वर्षांच्या निनादच्या हाती दिली.

"मी फक्त बघायला येतोय ना?" निनादने विचारले.

"बघायला मी येतोय," आजोबा म्हणाले.

सिंकपाशी स्टूल ओढून ते बसले. निनादने लगेच पाना बाहेर काढला, तेव्हा त्यांनी त्याला थांबवून पाणी नेमके कुठून गळते आहे ते आधी पाहायला सांगितले. थेंब तोटीच्या टोकाला जमून पडत होता. मूठ व तिच्या खालचा भाग कोरडा होता. मुठीजवळून पाणी झिरपत असते तर दोष दांड्याभोवतीच्या पॅकिंगमध्ये असता, तोटीतून गळते आहे म्हणजे आतला वायसर गेला, असे आजोबांनी सांगितले. वॉशरला ते आयुष्यभर वायसरच म्हणत आले होते आणि निनादने तो उच्चार सुधारण्याचा नाद केव्हाच सोडून दिला होता.

सिंकखालचा कॉक कित्येक वर्षांत कोणी फिरवलेला नव्हता. निनादने जोर लावला तरी तो हलेना. "एकाच बाजूला रेटू नकोस, नाहीतर त्याचा दांडा तुटेल. किंचित मागे, किंचित पुढे, असे करत राहा," आजोबा म्हणाले. चार-पाच हेलकाव्यांनंतर कॉक कुरकुरत फिरला. मग त्यांनी वरचा नळ पूर्ण उघडायला लावला. पाण्याची धार बारीक होत थांबली, तेव्हाच पुढच्या कामाला परवानगी मिळाली. सिंकच्या भोकात फडक्याचा बोळा गेला, कारण आजोबांच्या मते छोटे स्क्रू नेहमी भोकाच्याच दिशेने घरंगळतात, आणि हा त्यांनी अनुभवाने सिद्ध केलेला सिद्धांत होता.

मुठीवरची टिकली नखाने उचकटून खालचा स्क्रू काढला, मूठ वर ओढली आणि सहा कंगोऱ्यांचा पितळी नट दिसू लागला. त्याच्या चकाकीवर ओरखडे उठू नयेत म्हणून निनादने त्यावर कापडाची पट्टी गुंडाळली व पाना बसवला. पहिल्याच झटक्यात नटाबरोबर सगळा नळच भिंतीपासून फिरू लागला.

"अरे, थांब! डावा हात कुठे आहे तुझा?"

निनादचा डावा हात ओट्यावर टेकलेला होता.

"त्याने नळाला धर. एका हाताने सोडवायचे आणि दुसऱ्याने सांभाळायचे. नाहीतर नट राहील जागेवर आणि भिंतीतला पाईप निघेल."

या वेळी नट सुटला. आटे सुटत गेले तसा आतला दांडा वर आला आणि त्याच्या टोकाची चकती निनादच्या तळहातावर पडली. चकतीच्या मध्यभागी बारीक नटाने धरून ठेवलेला काळा वायसर होता. रबर असूनही तो नखाने दाबला जाईना. त्याच्या तोंडावर गोल खाच पडली होती, इतकी खोल की तिच्या एका कडेला रबर तुटून बारीक फट तयार झाली होती. निनादने तो डोळ्यांजवळ नेऊन बराच वेळ न्याहाळला.

"हा एवढासा?" तो म्हणाला.

"एवढासाच. नळ बंद केलास की हा खाली जाऊन पितळी बैठकीवर बसतो आणि पाण्याची वाट अडवतो. तो मऊ असतो म्हणून बैठकीला चिकटून बसतो. जितके जास्त दाबशील, तितकी ती कड त्याच्यात रुतते."

स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या सुमनताईंनी या वाक्यावर नजर दुसरीकडे वळवली.

डबीत वायसर तीन-चार मापांचे होते. निनादने त्यातला मोठा उचलला. मोठा म्हणजे अधिक घट्ट बसेल, असा त्याचा हिशेब होता. आजोबांना चूक दिसली, परंतु ते काही बोलले नाहीत. निनादने तो चकतीवर ठेवला, अंगठ्याने दाबला, फिरवून दाबला. तरीही एका बाजूने तो कडेबाहेर उचलला जात होता. अखेर त्याने जुना वायसर डबीतल्या एकेका वायसरावर ठेवून पाहिला आणि ज्याची कड व भोक तंतोतंत जुळले तो बाजूला काढला. चकतीवरचा बारीक नट त्याने हातानेच बसवला व पक्कडीने अगदी थोडा आवळला, कारण तिथे अधिक जोर दिल्यास नवा वायसर मध्ये फुगून सपाट राहत नाही.

"आता आत बोट घाल," आजोबा म्हणाले.

उघड्या नळात निनादने करंगळी घातली. आत एक गोल कड लागली, गुळगुळीत. आणि एका जागी तिच्यावर वाळूच्या कणासारखे काहीतरी टोचले. आजोबा कापडाचे टोक काडीला गुंडाळून द्यायला गेले, परंतु त्यांचा हात कापू लागल्याने काडी खाली पडली. निनादने ती उचलली, कापड गुंडाळले आणि क्षाराची खपली निघेपर्यंत हळूहळू घासले. पुन्हा बोट फिरवून तो म्हणाला, "सगळीकडे सारखी आहे. खरवड नाही." बैठकीलाच खाच पडलेली असती तर नव्या वायसरनेही नळ गळायचा थांबला नसता.

जुळणी उलट क्रमाने झाली. दांडा वर ओढलेल्या स्थितीत ठेवून नट आधी बोटांनी फिरवायचा, म्हणजे आटे वाकडे चढत नाहीत, हे निनादला एकदाच सांगावे लागले. डावा हात आपोआप नळावर गेलेला पाहून आजोबांनी चष्मा पुसला. मूठ बसली, टिकली बसली. नळ जरासा उघडा ठेवून निनादने खालचा कॉक हळूहळू सोडला. तोटीने दोन वेळा हवा फुंकली, गढूळ पाणी थुंकले आणि मग स्वच्छ धार लागली.

त्याने नळ बंद केला. तोटीच्या टोकाला एक थेंब लोंबकळत राहिला. निनादचा हात मुठीकडे गेला.

"हात लावू नकोस. तोटीत उरलेले पाणी आहे ते."

तिघेही त्या थेंबाकडे पाहत राहिले. तो फुगला, लांबला आणि पडला. त्याच्या जागी दुसरा जमू लागला, परंतु अर्ध्यावरच थांबला आणि तसाच राहिला.

"मी बघू?" सुमनताई पुढे आल्या. तीन महिन्यांच्या सवयीने त्यांनी दोन्ही हातांनी मूठ पकडली आणि ती उघडण्यासाठी सर्व शक्तीनिशी फिरवली. नळ एका झटक्यात उघडला. पाण्याची धार सिंकमध्ये आपटून उसळली आणि निनादचा सदरा छातीपासून खाली भिजला.

"काकू, दोन बोटं!" ओठांवरचे पाणी पुसत तो ओरडला.

सुमनताईंनी अंगठा व तर्जनीने मूठ हलकेच उलट फिरवत नेली. धार थांबली. आजोबा तोपर्यंत सिंकच्या भोकातला बोळा काढून ओट्यावरची हत्यारे मोजत होते. पक्कड एक, पाना एक, स्क्रूड्रायव्हर एक. जुना वायसर मात्र त्यांना सापडला नाही. तो निनादच्या ओल्या खिशात होता.